देवळाजवळच्या विहिरीला नायट्रेट किती, पंधरा की सत्तर? नववीच्या वर्गातलं पाणी तपासणीचं प्रकरण

गाव गोदावरीच्या खोऱ्यातलं, ऊस आणि कांद्याचं, खाली काळा कातळ आणि वर काळी माती. नाव देत नाही कारण त्याने काही फरक पडत नाही, असली गावं आपल्याकडे ढिगाने आहेत. नववीच्या वर्गाला आम्ही पाणी तपासणीचं एक युनिट घेतलं, आठ तासिकांचं, आणि त्यातल्या एकाच वादाबद्दल मुख्यतः लिहायचंय, कारण त्या वादात मुलं जे शिकली ते किटच्या माहितीपत्रकात कुठेच नव्हतं.

सामान फार नव्हतं. ग्रामपंचायतीकडे असते तसली फील्ड टेस्ट किट, म्हणजे छोट्या बाटल्यांतली रसायनं, टेस्ट ट्यूब आणि रंगांचा तक्ता. पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा एक टीडीएस मीटर. जिवाणूंसाठी एच-टू-एसच्या बाटल्या, क्लोरिनसाठी डीपीडीच्या गोळ्या, आणि ओळखीतून मिळालेलं बाहेरदेशी बनावटीच्या नायट्रेट स्ट्रिपचं एक पाकीट. किट कमी आणि मुलं जास्त म्हणून अर्ध्या गटांना किट दिली, अर्ध्यांना स्ट्रिप, आणि पाणी मात्र सगळ्यांना एकाच बाटलीतलं. हे मुद्दाम केलं होतं, दोन पद्धतींचे आकडे जुळतात का बघायला. जुळले नाहीत.

पाण्याच्या जागा मुलांनीच ठरवल्या. देवळाजवळची जुनी विहीर, जिचं पाणी गावात सगळ्यात गोड म्हणून प्रसिद्ध आणि चहाला लोक अजून तिथूनच हंडा नेतात. मळ्यातली एक विहीर. शाळेमागचा हापसा. ग्रामपंचायतीच्या नळयोजनेचे दोन नळ, एक टाकीजवळचा आणि एक खालच्या वस्तीतला अगदी शेवटचा. आणि मेडिकलमधून आणलेलं डिस्टिल्ड वॉटर, ज्याची मुलांनी आधी चेष्टा केली की हे कशाला तपासायचं. त्याचं कारण साधं आहे, ज्या पाण्यात काही नाही हे आपल्याला माहीत आहे त्यात सुद्धा रंग आला तर ट्यूब नीट धुतलेली नाही किंवा रसायन खराब झालंय हे लगेच कळतं.

पहिला तक्ता असा आला. किटचं नायट्रेट आणि स्ट्रिपचं नायट्रेट वेगवेगळ्या रकान्यात ठेवलंय, वाद तिथेच आहे. सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटर.

| जागा | टीडीएस | कठीणपणा | नायट्रेट (किट) | नायट्रेट (स्ट्रिप) | एच-टू-एस बाटली |
|---|---|---|---|---|---|
| देवळाजवळची विहीर | ४८० | २८० | ४५ ते १०० मध्ये, अंदाजे ७० | १० ते २० मध्ये, अंदाजे १५ | २४ तासांत काळी |
| मळ्यातली विहीर | ११५० | ५२० | १०० पेक्षा गडद | २० ते ५० मध्ये, अंदाजे ३५ | ४८ तासांत काळी |
| शाळेमागचा हापसा | ८९० | ४६० | १० ते ४५ मध्ये, अंदाजे २० | ५ | रंग बदलला नाही |
| नळ, टाकीजवळ | ४१० | २२० | १० | २ | रंग बदलला नाही |
| नळ, वस्तीचं टोक | ४१५ | २२० | १० | २ | ४८ तासांत काळी |
| डिस्टिल्ड वॉटर | ४ | ० | रंग नाही | ० | रंग बदलला नाही |

आता फळ्यावर पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक लिहिलेलं होतं, आयएस १०५००, २०१२ चं. नायट्रेट ४५ पर्यंत चालतं, त्याच्यावर नाही. टीडीएसला ५०० ही स्वीकारार्ह मर्यादा आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत सवलत आहे, कठीणपणाला तसंच २०० आणि ६००, पण नायट्रेटला ही सवलत नाही, ४५ म्हणजे ४५.

किटवाल्या गटाने लिहिलं, दोन्ही विहिरी नापास. स्ट्रिपवाल्या गटाने लिहिलं, दोन्ही विहिरी पास. आणि मग जो गोंधळ झाला तो शेजारच्या वर्गापर्यंत ऐकू गेला असणार. एक मुलगी स्ट्रिप हातात धरून उभी, "मॅडम, आमचं मळ्यातल्या विहिरीचं सुद्धा पस्तीसच आलंय, पंचेचाळीसच्या आत आहे, मग नापास कसं?" आणि समोरून उत्तर, तुमची स्ट्रिप जुनी असेल. पहिला संशय मुलांना नेहमी समोरच्याच्या सामानावर येतो, आणि खरं सांगायचं तर मोठ्यांनाही.

इथे उत्तर सांगून टाकणं सोपं होतं. त्याऐवजी मुलांना विचारलं की कोण बरोबर हे ठरवायला आपल्याला काय लागेल? थोड्या वेळाने एकजण म्हणाला, ज्यात नायट्रेट किती आहे ते आधीच माहीत आहे असं पाणी. झालं, तेच हवं होतं.

असं पाणी शाळेच्या प्रयोगशाळेत बनतं. पोटॅशियम नायट्रेट घ्यायचं. त्याच्या १०१ भागांत नायट्रेट ६२ भाग असतं, बाकी पोटॅशियम, म्हणजे १ ग्रॅम नायट्रेट हवं असेल तर १.६३ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट लागतं. ते १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवलं की १००० मिलिग्रॅम प्रति लिटरचं द्रावण झालं. त्यातलं १० मिलि घेऊन १०० मिलि केलं की १०० चं. सरळ १०० चं बनवायला गेलात तर ०.१६३ ग्रॅम तोलावं लागेल आणि शाळेचा काटा तेवढं बारीक नीट दाखवत नाही, म्हणून आधी घट्ट बनवून मग पातळ करायचं. १०० च्या द्रावणातलं ४५ मिलि घेऊन १०० मिलि केलं की ४५ चं पण तयार, म्हणजे मानकाची मर्यादाच बाटलीत भरून टेबलावर ठेवता येते.

दोन्ही गटांनी हे पाणी तपासलं. १०० च्या द्रावणाला किटचा रंग तक्त्यावरच्या १०० शी जुळला. स्ट्रिपने दाखवलं २० च्या किंचित वर. ४५ च्या द्रावणाला किट ४५, स्ट्रिप १०.

वर्ग शांत. स्ट्रिप चुकतेय म्हणावं तर ती दोन्ही वेळा सारख्याच पटीत कमी दाखवतेय, आणि बिघडलेली वस्तू इतकी शिस्तीत चुकत नाही. मग कोणीतरी स्ट्रिपचं पाकीट उचलून वाचलं. रंगांच्या चौकोनांखाली बारीक अक्षरात होतं `NO3-N`. किटच्या तक्त्यावर होतं `NO3`.

स्ट्रिप नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन मोजून सांगत होती. नायट्रोजनचा अणुभार १४, अख्ख्या नायट्रेटचा ६२, भागाकार केला की ४.४३. स्ट्रिपच्या आकड्याला ४.४३ ने गुणलं की किटचा आकडा यायला पाहिजे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याची मर्यादा १० लिहिलेली असते आणि आपल्याकडे ४५, ती जवळपास एकच मर्यादा आहे, फक्त तिकडे नायट्रोजन म्हणून लिहितात. दोन्ही गटांचं मोजमाप बरोबर होतं. चुकत होती ती तुलना, नायट्रोजनचा आकडा नायट्रेटच्या मर्यादेशी लावलेला.

मळ्यातल्या विहिरीचं मात्र अजून बाकी होतं, कारण किटचा तक्ता १०० ला संपतो आणि त्या पाण्याची ट्यूब दोन मिनिटांत चक्क राणी कलरची झाली होती. अशा वेळी पाणी पातळ करायचं, १ भाग विहिरीचं आणि ४ भाग डिस्टिल्ड, परत तपासायचं आणि आलेल्या आकड्याला ५ ने गुणायचं. पातळ केल्यावर रंग १० आणि ४५ च्या मध्ये आला, मुलांनी ३० धरला. दुसरा तक्ता:

| जागा | स्ट्रिप (`NO3-N`) | स्ट्रिप × ४.४३ | किट (`NO3`) |
|---|---|---|---|
| देवळाजवळची विहीर | १५ | ६६ | ७० |
| मळ्यातली विहीर | ३५ | १५५ | ३० × ५ = १५० |
| शाळेमागचा हापसा | ५ | २२ | २० |
| नळ | २ | ९ | १० |

बघा कसं जुळलं. पण इथे मुलांना लगाम घालावा लागतो, कारण लगेच "६६ आणि ७० मध्ये फरक का" असं सुरू होतं. तक्त्यावर चौकोन आहेत १०, ४५ आणि १०० चे, मधलं सगळं आपल्या डोळ्याचा अंदाज. ७० हे मोजलेलं नाही, ४५ पेक्षा जास्त आणि १०० पेक्षा कमी एवढंच मोजलेलं आहे. वहीत आम्ही रेंजच लिहायला लावली, अंदाज कंसात.

नायट्रेटच्या टेस्टमध्ये बाकी जे बिघडतं ते बहुतेक वेळेचं असतं. झिंक पावडर नायट्रेटचं नायट्राइट करते आणि नायट्राइटला रसायनामुळे गुलाबी रंग येतो, त्याला काही मिनिटं लागतात. किटवर जेवढी लिहिलीत तेवढी थांबायचं, घड्याळ लावून. घाई केलेल्या गटाचा आकडा कमीच येतो, आणि झिंकचा चमचा कधी सपाट कधी शिगोशिग भरला तरी आकडा हलतो. कठीणपणाच्या टेस्टमध्ये थेंब मोजायचे असतात, रंग लालसर जांभळ्याचा निळा होईपर्यंत, तिथे एका गटाचा आकडा सारखा जास्त येत होता तर कळलं की त्यांचा मुलगा बाटली तिरकी धरून थेंब पाडतो, तिरक्या बाटलीतून थेंब लहान पडतात, म्हणून जास्त लागतात. बाटली सरळ उभी धरल्यावर इतरांशी जुळलं.

आता अर्थ लावायचे प्रश्न. आम्ही पाच दिले, त्यातले तीन चांगले निघाले, बाकीचे दोन नुसतं तक्ता बघून उत्तर लिहा छाप होते, ते इथे देत नाही.

प्रश्न १. फक्त टीडीएस मीटर असता तर या पाच पाण्यांचा चांगलं ते वाईट असा क्रम कसा लावला असता? तो क्रम कुठे फसतो?

टीडीएसने लावलं तर दोन्ही नळ पहिले, देवळाजवळची विहीर लगोलग तिसरी, हापसा चौथा आणि मळ्यातली विहीर शेवटी. म्हणजे देवळाजवळची विहीर हापशापेक्षा चांगली ठरते. प्रत्यक्षात हापशाचं पाणी मचूळ आहे, डाळ शिजायला वेळ लागतो, पण त्यात नायट्रेट मर्यादेत आहे आणि बाटली काळी झालेली नाही. गोड विहीर दोन्हीत नापास. मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते ते बघतो आणि त्यावरून विरघळलेले क्षार सांगतो. त्यातले ७० मिलिग्रॅम नायट्रेट आहेत की साधा चुना, हे त्याला कळत नाही, आणि जिवाणू तर त्याच्या गावीही नसतात. आरओ विकायला येणारे लोक मीटर काढून दाखवतात तेव्हा ही पोरं आता दारात वाद घालतात असं पालकांकडून कळतं, त्याला इलाज नाही.

प्रश्न २. देवळाजवळच्या विहिरीचं पाणी घरी वीस मिनिटं उकळलं तर तक्त्यातला कुठला रकाना सुधारेल, कुठला नाही, आणि एखादा बिघडेल का?

हा युनिटमधला सगळ्यात चांगला प्रश्न. जवळपास सगळ्यांनी लिहिलं की उकळलं की पाणी शुद्ध. जिवाणू मरतात हे बरोबर, काळ्या बाटलीचा प्रश्न सुटतो. कठीणपणातला थोडा भाग भांड्याला पांढरा थर होऊन बसतो, तोही कमी होतो. पण नायट्रेट उकळून जात नाही. पाणी वाफ होऊन कमी होतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे १ लिटरचं पाऊण लिटर झालं तर ७० चं ९३ होतं. गॅसवर करून बघायला लावलं, मोजपात्राने आधी आणि नंतर पाणी मोजून, आणि किटचा रंग खरंच गडद झाला. हे घरी सांगणं गरजेचं होतं कारण नायट्रेटचा खरा धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना असतो, त्यांच्या रक्ताची प्राणवायू नेण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळसर दिसायला लागतं. आणि वरचं दूध करायला पाणी कोणतं वापरतात? गोड म्हणून तेच, आणि बाळासाठी म्हणून भरपूर उकळून. कॅन्डलच्या फिल्टरने किंवा टीसीएल या ब्लीचिंग पावडरने सुद्धा नायट्रेट जात नाही.

प्रश्न ३. टाकीजवळचा नळ आणि वस्तीचा नळ यांचे रसायनांचे सगळे आकडे जवळपास सारखे, मग एकाच बाटलीला काळं का व्हायला झालं?

एच-टू-एसची बाटली ही आपल्याकडचीच, ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या मांजा, मौर्य आणि राव या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडलेली. विष्ठेबरोबर येणारे काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू करतात, तो बाटलीतल्या लोहाशी मिळून काळा होतो. खुणेपर्यंत पाणी भरायचं, बोट किंवा झाकणाची आतली बाजू कशाला लागू द्यायची नाही, आणि उबदार जागी ठेवायचं, ३० ते ३७ अंशात. थंडीच्या दिवसांत वर्गातल्या कपाटात ठेवलेली बाटली उगाच तशीच राहते, आम्ही खोक्यात बल्ब लावून थर्मामीटर ठेवला होता. काळी झाली म्हणजे संशय पक्का, किती जिवाणू ते मात्र ती सांगत नाही. आणि नाही झाली म्हणजे पाणी सुरक्षित असं प्रमाणपत्र पण नाही.

नळाचं कोडं सोडवायला मुलं पाणी सुटायच्या वेळी सकाळी चार ठिकाणी उभी राहिली आणि डीपीडीची गोळी टाकून क्लोरिन बघितलं, गोळीने पाणी गुलाबी होतं आणि जितकं गडद तितका क्लोरिन जास्त. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक दादा पण सोबत आले, ते क्लोरिनसाठी त्यांची नेहमीची ओटी टेस्ट करतात, पिवळा रंग येतो ती. ते रसायन अपायकारक असल्याने मुलांच्या हातात दिलं नाही.

| ठिकाण | पाणी सुटल्यावर लगेच | अर्ध्या तासाने |
|---|---|---|
| टाकीचा आउटलेट | ०.५ | ०.५ |
| बाजारपेठ | ०.२ | ०.५ |
| शाळा | ०.१ | ०.२ |
| वस्तीचं टोक | रंग नाही | ०.१ |

हे आकडेही मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि ग्राहकाच्या नळाला निदान ०.२ तरी हवा. टाकीत टीसीएल नीट पडतंय हे पहिल्या ओळीवरून दिसतं, म्हणजे दादा कामचुकारपणा करतात ही गावातली ठरलेली तक्रार या दिवसापुरती तरी खोटी. क्लोरिन वाटेत संपतोय. पाणी दिवसातून एकदाच येतं, बाकी वेळ पाईप रिकामे, आणि रिकाम्या पाईपला गळती असेल तिथून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. वस्तीच्या अलीकडे व्हॉल्व्हचा खड्डा आहे, मुलं वाकून बघून आली, व्हॉल्व्ह गटाराच्या पाण्यात अर्धा बुडालेला. पहिल्या धारेत रंगच नाही आणि अर्ध्या तासाने थोडा, हे त्याच्याशी जुळतं. सिद्ध होत नाही, जुळतं, हा फरक उत्तरात लिहिला त्यांना पूर्ण मार्क दिले. एक सावधगिरी, विहिरीत नुकतंच टीसीएल टाकलंय तिथलं पाणी घेतलं तर क्लोरिन इतका जास्त असतो की डीपीडीचा गुलाबी रंगच उडून जातो आणि ट्यूब कोरी दिसते. कोऱ्या ट्यूबला आधी नाकाने वास घ्या, वास उग्र असेल तर पाणी पातळ करून परत टेस्ट करा.

देवळाजवळच्या विहिरीत नायट्रेट आलं कुठून, यावर वर्गात दोन तट पडले, खत आणि सांडपाणी. नकाशा काढला तर पंधरा-वीस पावलांवर उकिरडा, पलीकडे दोन गोठे आणि शौचालयांचे शोषखड्डे, शेत मात्र लांब. बाटली २४ तासांतच काळी झाली हेही सांडपाण्याकडे बोट दाखवतं. मळ्यातल्या विहिरीभोवती मात्र कांद्याला आणि उसाला टाकलेला युरियाच जास्त. पण नायट्रेट गोठ्यातून आलं की गोणीतून, हे किटला कळत नाही, रंग एकच येतो. म्हणून अहवालात "बहुधा" लिहिलं.

दोन्ही विहिरींचे नमुने तालुक्याच्या प्रयोगशाळेत दिले, तिथून ७२ आणि १४८ आले. ग्रामपंचायतीला दिलेल्या कागदात मागण्या दोनच होत्या, व्हॉल्व्हचा खड्डा कोरडा करून गळती काढा, आणि देवळाजवळच्या विहिरीवर पाटी लावा की बाळाच्या दुधाला हे पाणी वापरू नका. खड्ड्याचं काम झालं. पाटीवरून मात्र कुरकुर झाली, देवळाची विहीर म्हटल्यावर होणारच, शेवटी पाटीऐवजी आशाताई घरोघर सांगतात असं ठरलं.

पावसाळ्यानंतर त्याच विहिरी परत तपासल्या. मुलांनी आधीच भाकीत लिहून ठेवलं होतं की पाणी वाढलं म्हणजे सगळं पातळ होणार. देवळाजवळच्या विहिरीचा टीडीएस ४८० चा ४३० झाला, भाकीत बरोबर. नायट्रेटचा रंग मात्र तक्त्यावरच्या १०० ला टेकला. नायट्रेट मातीला चिकटून बसत नाही, पाण्याबरोबर सहज खाली जातं, त्यामुळे पावसाने उन्हाळाभर साठलेलं सगळं विहिरीत धुऊन आणलं असणार. एका मुलाने लगेच लिहिलं की दर पावसाळ्यात नायट्रेट वाढतं. त्याच्या वहीत शेरा दिलाय, दोन मोजमापांवरून "दर" लिहिता येत नाही, पुढच्या नववीला बाटल्या द्या.